‘बघूया’ म्हणजे नेमकं कोण बघणार?

शुक्रवारी दुपारी साडेतीनला चाकणच्या आमच्या प्लांटमधल्या कॅन्टीनच्या खुर्च्या एका बाजूला वळवल्या जातात. पडदा लागतो, एक हातातला माइक फिरायला ठेवतात, आणि पुण्याच्या ऑफिसातली मंडळी लॅपटॉपवरून जोडली जातात. तीन महिन्यांतून एकदा भरणारा हा आमचा टाउन हॉल. वरिष्ठांनी कंपनीची परिस्थिती सांगायची आणि मग कोणीही उठून प्रश्न विचारायचा, अशी ही सभा. मी ज्या कंपनीत अंतर्गत संवादाचं काम बघते ती गाड्यांचे सुटे भाग बनवते, आणि सभा संपली की तिचा ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे यंत्राने आपोआप उतरवून घेतलेलं सगळं बोलणं, माझ्याकडे येतो.

मागच्या सभेचा ट्रान्सक्रिप्ट 68 मिनिटांचा होता. एवढ्या वेळात माणसं आठ-नऊ हजार शब्द सहज बोलतात. तेवढं कोणी वाचत नाही, आणि रात्रपाळीला असलेल्या ज्या लोकांना सभेला बसताच आलं नाही, त्यांनी तर ते वाचावं अशी अपेक्षाही धरू नये. त्यांना तीनच गोष्टी हव्या असतात. काय विचारलं, काय उत्तर मिळालं, आणि कोणी काय करतो म्हणून शब्द दिला. त्या आठ-नऊ हजार शब्दांतून या तीन रकान्यांचं दोन पानी टिपण काढायचं, हे माझं काम. ऐकायला कारकुनी वाटतं. पण दिलेला शब्द टिकतो की हवेत विरतो, हे बऱ्याच अंशी या टिपणावर ठरतं, म्हणून ते कसं करायचं हे सविस्तर सांगते.

पहिली गोष्ट, ट्रान्सक्रिप्ट म्हणजे सभा नव्हे. लॅपटॉपवरून जोडलेल्यांचे प्रश्न बोलून येत नाहीत, ते बाजूच्या चौकटीत टाइप होतात. त्या सभेत असे 21 प्रश्न आले होते. सूत्रसंचालकाने त्यातले 9 वाचले. कॅन्टीनमधून माइकवर 5 जणांनी विचारलं. ट्रान्सक्रिप्टमध्ये दिसतात ते हे चौदाच. उरलेले 12 प्रश्न त्यात औषधालासुद्धा सापडत नाहीत, कारण ते कोणी उच्चारलेच नाहीत. म्हणून सभा संपल्यावर त्याच दिवशी मी चार गोष्टी एका फोल्डरमध्ये ठेवते: ध्वनिमुद्रण, ट्रान्सक्रिप्ट, प्रश्नांची चौकट आणि चॅट. चौकटीतले प्रश्न सभा बंद झाल्यावर कधी कधी दिसेनासे होतात, आणि मुद्रणही बऱ्याच ठिकाणी ठरावीक दिवसांनी आपोआप पुसलं जातं.

सूत्रसंचालक वाचताना प्रश्नाचे कोपरे घासतो, हेही इथेच कळतं. चौकटीत लिहिलेलं असतं, “मागच्या वेळी लॉकर देतो म्हणालात, अजून मिळाले नाहीत, कधी मिळणार?” आणि वाचलं जातं, “लॉकरच्या सुविधेबद्दल काही सांगाल का?” उत्तर अर्थातच दुसऱ्या प्रश्नाला मिळतं. मी टिपणात मूळ प्रश्न लिहिते आणि वाचलेला त्याखाली. मागच्या शब्दाची आठवण प्रश्नातून गळून पडली, तर उत्तर देणाऱ्याला ती द्यायची गरजच उरत नाही.

आता यंत्राच्या कानाविषयी. आमच्याकडे मराठी, हिंदी आणि इंग्रजी एकाच वाक्यात नांदतात. त्यातून कॅन्टीनचा माइक एकच, त्यामुळे तिथून बोलणारे पाचही जण यंत्राच्या लेखी एकच माणूस. मागच्या सभेतला हा तुकडा, फाइलमध्ये होता तसाच:

```
00:52:14.300 --> 00:52:20.850
<v Canteen Mic>साहेब रात्रीच्या बसचं काय झालं
दिवाळीपासून सांगतोय

00:52:31.100 --> 00:52:39.400
<v Plant Office>बोलणं चालू आहे आपण बघूया
महिनाअखेर होईल असं मी म्हणणार
```

हे वाचून कोणीही लिहील की रात्रपाळीची बस महिनाअखेर सुरू होणार. मी ते पंचवीस सेकंद पुन्हा ऐकले. प्लांट हेडचं वाक्य होतं, “महिनाअखेर होईल असं मी म्हणणार नाही.” शेवटचा शब्द यंत्राला ऐकूच आला नव्हता.

हा योगायोग नव्हे. मराठीत नकार बहुधा वाक्याच्या शेवटी येतो, आणि बोलताना वाक्य संपत आलं की आवाज खाली जातो. त्यात कोणी टाळी वाजवली, खुर्ची सरकवली किंवा पुढच्याने माइकला हात घातला, की नेमका ‘नाही’ गायब होतो आणि वाक्य उलटं होतं. इंग्रजीतही ‘कॅन’ आणि ‘कान्ट’ची अशीच गफलत होते, ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’चीही. म्हणून अख्खा ट्रान्सक्रिप्ट शुद्ध करण्यात मी वेळ घालवत नाही. पण जिथे आकडा आहे, तारीख आहे किंवा भविष्यकाळी क्रियापद आहे, अशी प्रत्येक जागा मी कानाने ऐकल्याशिवाय टिपणात घेत नाही. एका सभेत अशा पंधरा-वीस जागा निघतात. तासाभराचं काम असतं.

मग पहिलं वाचन, फक्त प्रश्नांसाठी. प्रश्न म्हणजे प्रश्नचिन्ह असलेलं वाक्य, असं धरून चाललं तर अर्धे प्रश्न हातचे जातात. “कॅन्टीनमध्ये दोन नंबरच्या शिफ्टला पोळ्या उरत नाहीत” हे विधान आहे, तरी कॅन्टीनमध्ये बसलेल्या प्रत्येकाला तो प्रश्नच वाटतो, आणि प्लांट हेडने त्याचं उत्तरही दिलं. उलट, “आपण सगळे मिळून हे टार्गेट गाठणार ना?” याला प्रश्नचिन्ह आहे, पण तो प्रश्न नव्हे. माझी कसोटी साधी आहे: विचारणाऱ्याला काही कळायला किंवा बदलायला हवं होतं का? हवं असेल तर तो प्रश्न.

एका दमात दोन प्रश्न विचारले गेले असतील तर ते मी पहिल्याच वाचनात वेगळे करते. हे नंतर जमत नाही. मागच्या सभेत दोघांनी असं विचारलं होतं, त्यामुळे चौदाचे सोळा झाले. त्यातला एक पुण्याहून आलेला: “मेडिक्लेममध्ये आई-वडिलांचं कव्हर मिळणार का, आणि लग्न झालेल्यांना त्याऐवजी सासू-सासऱ्यांची नावं घालता येतील का?” एचआरच्या मॅडमनी जवळजवळ तीन मिनिटं उत्तर दिलं. पॉलिसीचं नूतनीकरण एप्रिलमध्ये होतं, त्यात आई-वडिलांना घेणार आहोत, त्यांचा निम्मा प्रीमियम कंपनी भरेल आणि निम्मा पगारातून कापला जाईल. उत्तर स्वच्छ होतं, लोकांनी टाळ्याही वाजवल्या. सासू-सासऱ्यांचा विषय त्या टाळ्यांत राहून गेला.

हे दोन प्रश्न एकाच ओळीत लिहिले असते तर समोर ‘उत्तर मिळालं’ असा शेरा पडला असता. वेगळे लिहिले म्हणून दुसरी ओळ रिकामी दिसली, आणि रिकामी दिसली म्हणून मी पुढे शोधत गेले. अकरा मिनिटांनी, ओव्हरटाइमच्या प्रश्नाचं उत्तर देता देता फायनान्सचे साहेब म्हणाले होते, “आणि ते मघाशी सासू-सासऱ्यांचं विचारलं ना, ते ब्रोकरला विचारून मी पुढच्या बुधवारपर्यंत कळवतो.” ट्रान्सक्रिप्ट वरून खाली वाचत जाणाऱ्याला हे वाक्य ओव्हरटाइमच्या उत्तराचाच भाग वाटतं. बोलणं सरळ रेषेत जात नाही. ‘मघाशी’, ‘त्या पहिल्या मुद्द्यावर’, ‘वरती म्हटलं तसं’ हे शब्द दिसले की उत्तराचा तुकडा उचलून त्याच्या प्रश्नाशेजारी नेऊन ठेवायचा, सोबत मूळ वेळही लिहायची, म्हणजे कोणाला तपासायचं असेल तर तपासता येईल.

उत्तराच्या रकान्यात मी दोन गोष्टी लिहिते. आधी काय म्हटलं ते दोन-तीन वाक्यांत, मग चारपैकी एक शेरा: उत्तर मिळालं, काही भागाचं मिळालं, नंतर देऊ म्हणाले, मिळालं नाही. चौथा शेरा लिहायला धीर लागतो. पूर्वी मी तो टाळत असे. वरिष्ठ दोन मिनिटं बोलले असतील तर त्यातून काहीतरी उत्तर निघतंच असं मानून मी त्यांचं बोलणं जरा नीट लावून द्यायची, राहिलेला दुवा स्वतःच जोडायची. ते चूक होतं. न दिलेलं उत्तर मी लिहून दिलं, तर विचारणाऱ्याला वाटतं आपलंच ऐकण्यात काही चुकलं. आता मी सभेला नसलेल्या एखाद्या सहकाऱ्याला फक्त प्रश्न आणि फक्त उत्तर वाचून दाखवते आणि विचारते, “यातून तुला काय कळलं?” तो प्रश्नाशी जुळणारं काही सांगू शकला नाही, तर शेरा चौथा.

आता तिसरा रकाना. माझा निम्मा वेळ त्यात जातो.

आपल्या भाषेत शब्द देण्याच्या किती पायऱ्या आहेत बघा. ‘मी करतो’, ‘आम्ही करू’, ‘आपण करूया’, ‘करून घेऊ’, ‘केलं जाईल’, ‘होऊन जाईल’, ‘बघतो’, ‘बघू’, ‘बघूया’. इंग्रजी टिपणात या सगळ्यांचं एकच वाक्य होतं आणि त्याचा कर्ता असतो ‘वी’. मराठीत मात्र ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांत मोठा फरक आहे. ‘आम्ही बघतो’ म्हणणारा ऐकणाऱ्याला वगळतो, म्हणजे काम आपल्या अंगावर घेतो. ‘आपण बघूया’ म्हणणारा ऐकणाऱ्यालाही त्यात ओढतो. रात्रपाळीला उभा असलेला हेल्पर बसचं काय बघणार? तरी त्या ‘आपण’मध्ये तोही आला. ‘केलं जाईल’ आणि ‘होऊन जाईल’ यांत तर कर्ताच नाही.

म्हणून शब्द लिहिताना मी चार कप्पे करते: कोण, काय, कधीपर्यंत, आणि नेमके शब्द वेळेसकट. जो कप्पा बोलण्यातून भरत नाही तो मी भरत नाही, तिथे ‘सांगितलं नाही’ असं लिहिते. बसच्या ओळीत असं आलं: कोण, सांगितलं नाही. काय, ट्रान्सपोर्टवाल्यांशी बोलणं चालू. कधीपर्यंत, महिनाअखेर असं म्हणणार नाही. नेमके शब्द, “आपण बघूया”. मेडिक्लेमची ओळ: फायनान्सचे साहेब, ब्रोकरला विचारून कळवणार, पुढच्या बुधवारपर्यंत.

त्या बुधवारातही एक गाठ होती. सभा शुक्रवारी झाली. ‘पुढचा बुधवार’ म्हणजे पाच दिवसांनी येणारा की त्याच्या पुढच्या आठवड्यातला? आपल्यात दोन्ही अर्थांनी बोलतात. ‘परवा’ तर मागेही जातो आणि पुढेही, क्रियापद गळालं की काहीच कळत नाही. अशा ठिकाणी मी स्वतः तारीख ठरवत नाही. नेमक्या शब्दांत ‘पुढच्या बुधवारपर्यंत’ तसंच ठेवते आणि बाजूला ‘नंतर ठरलेली तारीख’ असा पाचवा कप्पा करते. सभेनंतर दोन दिवसांच्या आत ज्याने शब्द दिला त्याला त्याची ओळ पाठवते आणि विचारते, “साहेब, कोणता बुधवार धरायचा?” उत्तर येईल ते पाचव्या कप्प्यात जातं. पहिल्या चार कप्प्यांना मग कोणी हात लावायचा नाही. सभेत बोललेलं आणि नंतर ठरलेलं, दोन्ही शेजारी शेजारी दिसली पाहिजेत.

हा नियम मोडायचा आग्रह होतो, आणि तो वाईट हेतूनेच होतो असं नाही. वरिष्ठ म्हणतात, “मला तसं म्हणायचं नव्हतं, जरा बदलून घ्या ना.” त्यांना खरंच तसं म्हणायचं नसतं. पण तीनशे माणसांनी ते ऐकलेलं असतं. त्यांचं स्पष्टीकरण मी पाचव्या कप्प्यात शब्दशः घेते, मूळ वाक्य मात्र राहतं.

कोणतं वाक्य शब्द मानायचं आणि कोणतं नाही, हा प्रश्न आपल्या संसदेने फार पूर्वी अंगावर घेतला आहे. मंत्री सभागृहात आश्वासनं देतात, ती पुढे पाळली जातात का हे बघायला लोकसभेची शासकीय आश्वासन समिती 1953 मध्ये नेमली गेली. तेव्हा अध्यक्षपदी गणेश वासुदेव मावळणकर होते. मंत्र्याच्या बोलण्यातली कोणती वाक्यं आश्वासन धरायची, याची नमुन्यादाखल यादीच तिथे केलेली आहे. ‘बाब विचाराधीन आहे’, ‘मी यात लक्ष घालेन’, ‘चौकशी चालू आहे, माहिती सभागृहाला दिली जाईल’ अशा धर्तीची वाक्यं त्या यादीत आहेत. कामकाजाच्या वृत्तांतातून ती निवडून काढण्याचं काम संसदीय कामकाज मंत्रालय करतं, आणि आश्वासन पुरं करायला साधारणपणे तीन महिन्यांची मुदत असते. म्हणजे ट्रान्सक्रिप्टमधून शब्द वेचायचं हेच काम देशाच्या पातळीवर दशकानुदशकं चालू आहे.

त्या यादीतून मी एक गोष्ट घेतली: काय धरायचं हे सभेच्या आधी ठरवून सांगायचं, नंतर नाही. ‘लक्ष घालेन’ हे तिथे आश्वासन ठरतं, कारण बोलणारा एक आणि ठरलेला असतो. मीही ‘मी बघतो’ हे शब्द दिला म्हणून धरते. ‘बघूया’, ‘होईल’, ‘प्रयत्न चालू आहेत’ यांना मी शब्द मानत नाही, पण टाकूनही देत नाही. त्यांची वेगळी यादी करते, ‘चर्चा झाली, जबाबदारी ठरली नाही’ या मथळ्याखाली. ‘बघूया’चं आश्वासन करून लिहिलं, तर महिन्याभराने लोक प्लांट हेडवर खोटेपणाचा आरोप करतील आणि तो अन्याय होईल. सोडून दिलं, तर दिवाळीपासून विचारणाऱ्या माणसावर अन्याय होईल.

शब्द फक्त प्रश्नोत्तरांत सापडतात असंही नाही. त्या सभेत पहिली 41 मिनिटं सादरीकरण होतं, आणि त्यात अठराव्या मिनिटाला एचआरच्या मॅडम सहज म्हणून गेल्या, “नवीन रजेचं धोरण येत्या शुक्रवारी पोर्टलवर टाकते.” प्रश्न कोणी विचारला नव्हता. पण कोण, काय आणि कधी, तिन्ही कप्पे भरलेले असलेला त्या दिवसातला हा पहिलाच शब्द होता. म्हणून तिसऱ्या रकान्यासाठी मी ट्रान्सक्रिप्ट पहिल्या मिनिटापासून वेगळा वाचते.

काही गोष्टी टिपणात येत नाहीत. एखाद्या विशिष्ट माणसाचा पगार, आजारपण, कोणाविरुद्धची तक्रार. लैंगिक छळाच्या तक्रारीचा तपशील जाहीर करायला 2013 च्या कायद्याने बंदीच आहे, मग तो कोणी भर सभेत बोलून गेलेलं असलं तरी. तिथे मी एवढंच लिहिते की एक वैयक्तिक बाब निघाली आणि ती संबंधितांकडे दिली. विचारणाऱ्याचं नाव मी त्याला विचारल्याशिवाय घालत नाही. नुसता विभाग लिहूनही माणूस ओळखू येतो, हे मला एकदा डाय-कास्टिंगमधल्या एका ताईंनी लक्षात आणून दिलं. त्या विभागात त्या एकट्याच बाई आहेत. मी लिहिलं होतं, ‘डाय-कास्टिंगमधील महिला कर्मचारी’.

न वाचलेल्या बारा प्रश्नांचं काय, हे राहिलं. तेही टिपणाच्या शेवटी जसेच्या तसे जातात, ‘वेळेअभावी घेतले नाहीत’ असं लिहून. त्यातले चार एकाच विषयाचे होते, कॉन्ट्रॅक्टवाल्यांना परमनंट कधी करणार. सूत्रसंचालकाने त्यातला एकही वाचला नव्हता. मी त्यांचा एकत्र गोषवारा केला नाही, चारही ओळी एकाखाली एक ठेवल्या.

टिपण मंगळवारी गेलं, ऑफिसला मेलवर आणि प्लांटला कॅन्टीनच्या फलकावर, मोठ्या अक्षरांत, मराठीत. फायनान्सच्या साहेबांनी आपला बुधवार म्हणजे उद्याचाच असं कळवलं होतं, आणि त्या बुधवारी संध्याकाळी त्यांचं उत्तरही आलं: ब्रोकर म्हणतो, आई-वडील किंवा सासू-सासरे, दोहोंपैकी एक जोडी निवडता येईल. ती ओळ बंद केली.

बसच्या ओळीत ‘कोण’ समोर ‘सांगितलं नाही’ तसंच होतं. गुरुवारी दुपारी प्लांट हेड जेवायला आले तेव्हा फलकापाशी थांबले. तो प्रश्न विचारणारे प्रेस शॉपमधले काका ताट घेऊन शेजारीच उभे होते. ते काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त त्या रिकाम्या कप्प्यावर बोट ठेवलं. साहेबांनी मला फोन करून सांगितलं, “तिथे माझं नाव घाला. आणि पंधरा तारखेपर्यंत काय ते नक्की सांगतो, असं लिहा.” मी ते पाचव्या कप्प्यात लिहिलं, त्या दिवसाच्या तारखेसह. आधीच्या ओळीत “आपण बघूया” अजून तसंच आहे.